हमीच्या मुदतीत सबमर्सिबल मोटर बिघडल्यास कंपनीकडून बदलून मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोअरवेलमध्ये उतरवलेली थ्री फेज सबमर्सिबल मोटर हमीची मुदत संपण्याआधीच बंद पडली, की शेतकऱ्यांकडून साधारण सारखेच प्रश्न येतात. ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी सर्वत्र ७.५ अश्वशक्तीची, पट्टीवर १६ अँपिअर लिहिलेली मोटर धरली आहे.

१. हमीमध्ये मोटर बदलून मिळते की फक्त दुरुस्त करून मिळते?

बहुतेक हमीपत्रांवर "निर्मितीतील किंवा मालातील दोष आढळल्यास सदोष भाग दुरुस्त करून अथवा बदलून देण्यात येईल" अशा अर्थाचे वाक्य असते, आणि दुरुस्ती की बदल हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. त्यामुळे "मला नवीनच मोटर द्या" एवढीच मागणी लिहिल्यास ती सहज टोलवता येते. मागणी अशी लिहावी की मोटर तपासून निर्मितीतील दोष निश्चित करावा आणि मोटर बदलून द्यावी. त्याच मुदतीत तोच दोष एकदा दुरुस्त होऊन पुन्हा आला असेल, तर बदलून मागण्याची बाजू बरीच भक्कम होते, म्हणून पहिल्या दुरुस्तीचा जॉब कार्ड क्रमांक पत्रात अवश्य द्यावा.

पंप आणि मोटर हे एका संचाचे दोन वेगळे भाग आहेत, हेही लक्षात ठेवावे. मोटरमध्ये दोष निघाला म्हणून पंपाचे स्टेज आणि इम्पेलर बदलून मिळत नाहीत.

२. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची की मोटर बोअरमध्ये सोडली त्या दिवसापासून?

मोटर बोअरमध्ये सोडल्याची तारीख सहसा धरली जात नाही. अनेक हमीपत्रांत दोन मुदती दिलेल्या असतात: एक विक्रीच्या तारखेपासून आणि दुसरी, थोडी मोठी, कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेपासून, यांपैकी जी आधी संपेल ती लागू होते. दुकानात वर्षभर पडून राहिलेली मोटर घेतल्यास बिल ताजे असूनही हमी संपत आलेली असू शकते. यासाठी खरेदीच्या वेळीच पट्टीवरील निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे. दुकानदाराने जुना माल दिला आणि त्यामुळेच दावा नाकारला गेला, तर ती तक्रार दुकानदाराविरुद्धही करता येते.

३. मोटर बंद पडली आहे. सर्वांत आधी काय करावे?

मोटर लगेच वर काढू नये. दाव्याला लागणारा निम्मा पुरावा मोटर बोअरमध्ये असतानाच पॅनल बोर्डवर मिळतो, आणि ती एकदा वर काढली की तो परत मिळवता येत नाही.

प्रथम पॅनल बोर्डचा आणि ओव्हरलोड रिलेचा फोटो काढावा. रिले किती अँपिअरवर लावला आहे, ते आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत. कारण "रिले जास्त अँपिअरवर ठेवला होता" हा आक्षेप फार वेळा घेतला जातो. त्यानंतर परवानाधारक वायरमनकडून तिन्ही फेजमधील आपसांतील व्होल्टेज मोजून घ्यावे आणि मोटर थोडा वेळ चालू होत असेल, तर टाँग टेस्टरने तिन्ही वायरींचे अँपिअर घ्यावेत. मोटर अजिबात चालू होत नसेल किंवा फ्यूज लगेच उडत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, कारण प्रत्येक प्रयत्नात आतील वायंडिंग आणखी जळते आणि मूळ दोष कोठे होता याची खूण पुसली जाते. अशा वेळी मुख्य स्विच बंद करून, मोटरच्या वायरी स्टार्टरमधून सोडवून, मेगरने प्रत्येक वायर आणि अर्थिंग यांच्यामधील इन्सुलेशन मोजावे. हा आकडा एक मेगओहमच्या खाली असेल, तर केबल, जॉइंट किंवा मोटर यांपैकी कोठेतरी पाणी शिरले आहे असे समजावे.

ही मापे तारीख, वेळ आणि वायरमनच्या सहीसह कागदावर लिहून ठेवावीत. मीटरच्या पडद्याचा फोटो असेल तर उत्तमच.

४. दोष मोटरचा आहे की विजेचा, हे मोटर वर न काढता कळते का?

मोटर चालत असेल आणि एका फेजवर अँपिअर जास्त दिसत असतील, तर बऱ्याच खात्रीने कळते. यासाठीची पद्धत जुनी आणि सोपी आहे, पण दाव्यांच्या पत्रांत ती क्वचितच वापरलेली दिसते.

समजा स्टार्टरच्या आर, वाय आणि बी या टर्मिनलना मोटरची अनुक्रमे लाल, पिवळी आणि निळी वायर जोडलेली आहे. तिन्ही फेजमधील व्होल्टेज ४०५, ४०८ आणि ४०६ असे जवळपास सारखे आहे, पण अँपिअर मात्र १४, १५ आणि २१ आहेत. आता मुख्य स्विच बंद करून तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवाव्यात, म्हणजे लाल वायर वायवर, पिवळी बीवर आणि निळी आरवर जाईल. तिन्ही वायरी एकाच क्रमाने सरकवल्यामुळे मोटरच्या फिरण्याची दिशा बदलत नाही. मोटर अगदी थोडा वेळ चालवून पुन्हा अँपिअर घ्यावेत. जास्तीचे २१ अँपिअर बी टर्मिनलवरच राहिले, तर दोष पुरवठ्यात किंवा स्टार्टरमध्ये आहे. ते निळ्या वायरीबरोबर आर टर्मिनलवर आले, तर दोष वायरीच्या पलीकडे, म्हणजे केबल, जॉइंट किंवा मोटरमध्ये आहे. शक्य असल्यास आणखी एक घर सरकवून तिसरे मापही घ्यावे.

वरील उदाहरणात तिन्ही अँपिअरची सरासरी सुमारे १६.७ येते आणि सर्वांत मोठा फरक ४.३ चा, म्हणजे जवळपास २६ टक्के आहे. सबमर्सिबल मोटर पूर्ण भारावर चालताना हा फरक साधारण ५ टक्क्यांच्या आत असावा अशी अपेक्षा असते. व्होल्टेज सारखे असताना एवढा फरक वायरीबरोबर सरकत असेल, तर "तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होते" हे उत्तर टिकत नाही.

केबल आणि जॉइंटचा प्रश्न मात्र उरतो. जॉइंट मोटर सोडणाऱ्या कारागिराने केलेला असतो आणि हमीत तो येत नाही. म्हणून मोटर वर आल्यावर जॉइंट सोडवण्याआधी त्याचा फोटो काढावा, मग तो सोडवून मोटरच्या स्वतःच्या वायरी वेगळ्या आणि चपटी केबल वेगळी मेगरने तपासावी. केबल चांगली आणि मोटर खराब निघाली, की दोषाची जागा निश्चित होते.

५. खरेदीचा पुरावा म्हणून काय लागते? दुकानदाराची कच्ची पावती चालते का?

जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, त्यावर मोटरचे मॉडेल आणि अनुक्रमांक, आणि दुकानाचा शिक्का व तारीख असलेले हमीपत्र, एवढे असले की खरेदीबाबत कोणी प्रश्न काढत नाही. कच्च्या पावतीवर कंपनी बहुधा दावा घेत नाही. तरीही ती फेकू नये. ऑनलाइन भरणा किंवा बँकेच्या नोंदीबरोबर जोडल्यास तारीख आणि रक्कम सिद्ध करण्यास तिचा उपयोग होतो.

मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. झेरॉक्स द्यावी आणि सेवा केंद्राने मूळ बिल मागितल्यास ते दाखवून परत घ्यावे.

६. बिल हरवले आहे, किंवा बिलावर अनुक्रमांक नाही, किंवा बिल वडिलांच्या नावावर आहे. आता दावा करता येईल का?

बिल हरवले असल्यास दुकानदाराकडून त्याची प्रत मागावी. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत विक्रेत्याला आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात, त्यामुळे हमीच्या काळातील विक्रीची नोंद त्याच्याकडे असायलाच हवी. साधारण तारीख, नाव आणि रक्कम सांगितली की ती सापडते.

बिलावर अनुक्रमांक लिहिलेला नसेल, तर दुकानदाराकडून त्याच्या लेटरहेडवर "या बिलाने विकलेल्या मोटरचा अनुक्रमांक हा आहे" असे लिहून घ्यावे. कंपनीने कोणता अनुक्रमांक कोणत्या विक्रेत्याला पाठवला याची नोंद कंपनीकडे असते, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालता येतो. अनुक्रमांक पट्टीवर किंवा मोटरच्या अंगावर कोरलेला असतो. चिखल आणि क्षारांखाली तो झाकला गेला असेल, तर पाण्याने आणि मऊ कापडाने स्वच्छ करावा. तारेच्या ब्रशने घासू नये, कारण खोडलेला अनुक्रमांक हे दावा नाकारण्याचे थेट कारण ठरते.

बिल वडिलांच्या नावावर असल्यास अर्ज त्यांच्याच नावाने आणि सहीने करावा. ते हयात नसतील, तर मृत्यूचा दाखला आणि आपण वारस असल्याचा कागद जोडून आपल्या नावाने अर्ज करावा.

७. दोषाचे वर्णन कसे लिहावे? नमुना मिळेल का?

"मोटर जळाली" असे लिहू नये. हे वर्णन नसून निष्कर्ष आहे, आणि त्यावरून जळण्याचे कारण ग्राहकाकडेच आहे असे सहज म्हणता येते. काय दिसले, किती मोजले आणि कोणत्या क्रमाने घडले, एवढेच लिहावे. कारण शोधणे कंपनीचे काम आहे. नमुना असा:

> विषय: हमीच्या मुदतीतील सदोष सबमर्सिबल मोटर बदलून मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी आपल्या कंपनीची ७.५ अश्वशक्तीची थ्री फेज सबमर्सिबल मोटर (मॉडेल …, अनुक्रमांक …) दिनांक १४ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून बिल क्रमांक … अन्वये खरेदी केली. उतरवण्यापूर्वी मोटर स्वच्छ पाण्याने भरून घेतली होती.
>
> दिनांक १० मार्च २०२५ रोजी मोटर चालू केल्यावर काही मिनिटांतच १६ अँपिअरवर लावलेला ओव्हरलोड रिले पडू लागला. त्या वेळी व्होल्टेज ४०५, ४०८ व ४०६ आणि अँपिअर १४, १५ व २१ होते. तिन्ही वायरी एकेक घर सरकवून मोजल्यावर जास्तीचे अँपिअर त्याच वायरीबरोबर सरकले. त्यानंतर मोटर चालवलेली नाही. बोअरमधील पाण्याची पातळी मोटरच्या वर होती. मोटर वर काढून तपासली असता केबलचे इन्सुलेशन चांगले आणि मोटरचे ०.२ मेगओहम आढळले. मोटर कोणीही उघडलेली नाही व तिचे सील शाबूत आहे.
>
> तरी मोटरची तपासणी माझ्या उपस्थितीत करून, निर्मितीतील दोष आढळल्यास हमीच्या अटींनुसार मोटर बदलून द्यावी, आणि तपासणी अहवालाची प्रत मला द्यावी, ही विनंती.
>
> सोबत: बिल व हमीपत्राची प्रत, अनुक्रमांकाचा, सीलचा व पॅनल बोर्डचा फोटो, वायरमनच्या सहीचा मोजमापाचा कागद.

या पत्रातील "मोटर पाण्याने भरली होती" आणि "पाण्याची पातळी मोटरच्या वर होती" ही दोन वाक्ये मुद्दाम घातली आहेत. पाण्याने भरण्याच्या प्रकारच्या मोटरमध्ये आतील बुश आणि थ्रस्ट बेअरिंग त्या पाण्यावरच चालतात. मोटर न भरता सोडली किंवा बोअर कोरडा पडूनही ती चालत राहिली, तर बेअरिंग जळते आणि तो दोष हमीत बसत नाही. जे खरोखर केले आहे तेच लिहावे. मोटर उघडल्यावर कोरडे चालल्याच्या खुणा दिसतातच, आणि एक विधान खोटे ठरले की बाकीच्या मापांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

८. अर्ज दुकानदाराकडे द्यावा की थेट कंपनीकडे?

दोघांकडेही द्यावा. मोटर प्रत्यक्ष जमा होते ती दुकानदाराकडे किंवा अधिकृत सेवा केंद्रात, पण हमी कंपनीने दिलेली असते. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, तोच पत्रात लिहावा आणि पत्र ईमेलने तसेच स्पीड पोस्टने पाठवावे. दुकानदाराने "मी बोलतो कंपनीशी" असे सांगितल्यावर थांबून राहणे धोक्याचे आहे, कारण त्या तोंडी बोलण्यात हमीची मुदत उलटून गेल्याची प्रकरणे पुष्कळ येतात. मोटर जमा करताना अनुक्रमांक आणि सीलची स्थिती लिहिलेली पोच घ्यावी.

९. कंपनीने "सिंगल फेजिंगमुळे जळाली" म्हणून दावा नाकारला. हे खरे की खोटे, कसे ठरवावे?

उघडलेल्या मोटरच्या वायंडिंगचा फोटो मागावा, कारण जळण्याची ठेवण बरेच काही सांगते. पाण्याने भरलेल्या मोटरमध्ये तारेवर प्लास्टिकचे आवरण असते. त्यामुळे काजळीपेक्षा आवरण मऊ होऊन वितळलेले आणि तारा एकमेकींना चिकटलेल्या अशी खूण दिसते.

पुरवठ्यातील एक फेज गेला असताना मोटर चालत राहिली, तर स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजची कॉइल जळते आणि तिसरी जवळपास जशीच्या तशी राहते; डेल्टा जोडणीत एका फेजची जळते आणि दोन शाबूत राहतात. ही ठेवण ठरावीक अंतराने, सारखी, संपूर्ण घेरात दिसते. तशी दिसत असेल, तर कंपनीचे म्हणणे बहुधा बरोबर आहे, आणि तेथे वाद वाढवण्यात अर्थ नाही. तिन्ही फेजची कॉइल सारखीच वितळलेली असेल, तर जास्त भार, फार कमी व्होल्टेज किंवा पंप अडकणे यांपैकी काहीतरी घडले आहे. पंपात वाळू भरून तो अडकला असेल, तर तेही हमीबाहेर जाते.

याउलट एकाच खाचेत किंवा कॉइलच्या थोड्याच वेढ्यांत जळल्याची खूण असून बाकी सर्व वायंडिंग स्वच्छ असेल, तर ते सिंगल फेजिंगचे लक्षण नव्हे. वेढ्यांमधील इन्सुलेशन तेथे फुटलेले असते. कारखान्यात कॉइल भरताना आवरणाला लागलेला ओरखडा हे त्याचे एक कारण असते. वीज पडून किंवा पुरवठ्यात अचानक उसळी येऊन होणारा विद्युत आघात हे दुसरे. म्हणून या खुणेने दावा आपोआप सिद्ध होत नाही, पण कंपनीने दिलेले कारण मात्र चुकीचे ठरते आणि फेरतपासणी मागण्यास ठोस आधार मिळतो. प्रश्न ४ मधील मापे आणि पॅनलमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवलेला असल्याचा फोटो यांनी तो आधार आणखी पक्का होतो.

१०. गावातील कारागिराने मोटर आधीच उघडली आहे. दावा संपला का?

बहुतेक वेळा होय. कंपनीबाहेरच्या व्यक्तीने मोटर उघडल्यास हमी रद्द होते ही अट जवळपास सर्व हमीपत्रांत असते, आणि वायंडिंग काढून नवीन भरली गेली असेल, तर तपासण्यासारखे काही उरतही नाही. फक्त वरचा भाग खोलून पाहिला असेल आणि जुनी वायंडिंग जागेवर असेल, तर मोटर आहे त्या स्थितीत बंद करून घडले ते खरे लिहावे. काही सेवा केंद्रे अशी मोटर तपासून घेतात, मात्र तो त्यांचा सौजन्याचा भाग असतो. पीक वाळत असताना मोटर भरून घेण्याची घाई समजण्यासारखी आहे. अशा वेळी भाड्याची मोटर सोडून काम चालवावे आणि मूळ मोटर हात न लावता जमा करावी.

११. मोटर काढण्या-सोडण्याचा खर्च आणि जीएसटी कोणी भरायचा?

बोअरमधून काढणे, वाहतूक आणि पुन्हा सोडणे हा खर्च हमीपत्रांत बहुधा ग्राहकावर टाकलेला असतो. तरी त्याच्या पावत्या ठेवाव्यात, कारण प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेल्यास नुकसानभरपाईत त्या मागता येतात.

हमीत विनामोबदला बदलून दिलेल्या भागावर वेगळा जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले, आणि जून २०२४ च्या परिपत्रकाने तेच पूर्ण वस्तू बदलून देण्यालाही लागू केले. "मोटर फुकट, फक्त जीएसटी भरा" असे कोणी म्हटल्यास लेखी मागणी मागावी. मजुरी किंवा हमीबाहेरच्या भागांचे पैसे घेतल्यास त्यांवर मात्र कर लागतो.

१२. बदलून मिळालेल्या मोटरला नवीन हमी मिळते का?

सहसा नाही. मूळ मुदतीतील उरलेला काळच पुढे चालू राहतो. बदललेल्या मोटरचा नवा अनुक्रमांक मूळ हमीपत्रावर लिहून शिक्का घ्यावा. तो नसल्यास पुढच्या दाव्यात बिल एका मोटरचे आणि वस्तू दुसरी अशी अडचण येते.

१३. सौर कृषिपंप योजनेतील पंपालाही हीच पद्धत आहे का?

नाही. "मागेल त्याला सौर कृषिपंप" योजनेतील संचाला पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी असते आणि ती पंप बसवणाऱ्या पुरवठादारावर बंधनकारक असते. तक्रार दुकानदाराकडे न करता पुरवठादाराकडे आणि महावितरणकडे नोंदवावी. प्रश्न ३ मधील अँपिअरची मापेही तेथे तशीच लागू होत नाहीत, कारण मोटर कंट्रोलरमधून चालते. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणाऱ्या दोषसंकेताचा फोटो तेथे अधिक महत्त्वाचा असतो.

१४. कंपनी उत्तरच देत नाही, किंवा फेरतपासणीही नाकारली. पुढे काय करावे?

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ती विनामूल्य असते आणि पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात, पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नसतो. तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे कंपनीच्या कार्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.

शेतीसाठी घेतलेली मोटर ही "व्यावसायिक वापराची" वस्तू आहे, असा बचाव कधी कधी घेतला जातो. स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी वापरलेली वस्तू त्या अपवादात येत नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकरी हा ग्राहकच असल्याचे मान्य केले आहे.

दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी मोटर मूळ स्थितीत शिल्लक असावी लागते. दावा नाकारून कंपनीने ती परत केली असल्यास ती भरून न घेता बांधून ठेवावी. तक्रार दाखल करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे एवढ्यानेच ती वाढत नाही.